फ्रेश सीपीएलचा रेझ्युमे: तासांचा हिशोब कसा जुळवायचा

परवा एका ज्युनिअर पोराने रेझ्युमे पाठवला, "दादा जरा बघ ना, उद्या टाकायचाय." वरतीच बोल्डमध्ये टोटल फ्लाइंग २२५:४०. खाली विमानांची यादी होती, प्रत्येकापुढे तास होते, मी सवयीने कागदावर बेरीज केली तर आली २०५:४०. म्हटलं वीस तास कुठून आले रे? तर म्हणे ते सिम्युलेटरचे. बरं, त्याने काही लपवलं नव्हतं, खोटं पण लिहिलं नव्हतं, पण समोर बसलेल्या माणसाला हे कसं कळणार? त्याला फक्त वरचा आकडा आणि खालचा आकडा जुळत नाहीये एवढंच दिसणार, आणि पायलटच्या रेझ्युमेत आकडे जुळले नाहीत की पुढचं कोणी वाचत नाही.

म्हणून हे सगळं एकदाच लिहून ठेवतोय. हे भारतात डीजीसीएचं सीपीएल नुकतंच मिळालेल्या, दोनशे सव्वादोनशे तासवाल्या लोकांसाठी आहे. गोंदिया, बारामती, धुळे, रायबरेली कुठूनही उडून आला असाल तरी हिशोब तोच. बाहेर ट्रेनिंग करून कन्व्हर्ट केलेल्यांसाठी एक वेगळा भाग खाली आहे, तो नक्की वाचा कारण तिथे घोळ जास्त होतो.

एक आधीच सांगतो, मोठ्या एअरलाइनमध्ये बहुतेक वेळा त्यांच्या करिअर पेजवर फॉर्म भरायचा असतो आणि पीडीएफ नुसती जोडायची असते. पण चार्टरवाले, जुहूचे छोटे ऑपरेटर, फ्लाइंग स्कूलची इन्स्ट्रक्टरची जागा, इथे खरंच रेझ्युमे मेलवर जातो आणि कोणीतरी कॅप्टन तो मोबाइलवर एका मिनिटात बघतो. दोन्हीकडे आकडे तेच लागतात, त्यामुळे आकडे आधी, डिझाइन नंतर. रेझ्युमे अर्थातच इंग्रजीत करायचा, मी इथे मराठीत समजावतोय एवढंच.

पहिली स्टेप: रेझ्युमे उघडू नका, लॉगबुक उघडा

सगळं लॉगबुक एक्सेलमध्ये टाका. हो, सगळं, पहिल्या सॉर्टीपासून. दीडदोनशे एंट्र्या असतात, एक रविवार जातो. तारीख, विमानाचा टाइप, रजिस्ट्रेशन, कुठून कुठे, ड्युअल, पीआयसी, डे, नाइट, इन्स्ट्रुमेंट, क्रॉसकंट्री, लँडिंग आणि टोटल, एवढे कॉलम पुरतात. ईजीसीएवर ई-लॉगबुक भरलेलं असेल तर तेही शेजारी उघडं ठेवा आणि दोन्हीत फरक दिसला तर तो आधी स्कूलमधून निस्तरून घ्या, रेझ्युमेत मधला आकडा टाकून वेळ मारून नेऊ नका.

इथे एक्सेल एक गंमत करतं. १:२० असं टाइप केलं की ते वेळ म्हणून घेतं, ते ठीक आहे, पण बेरीज २४ तासांच्या वर गेली की ते परत शून्यापासून मोजायला लागतं, म्हणजे तुमचे २०५:४० तास तिथे १३:४० दिसतात आणि माणूस घाबरतो. बेरजेच्या सेलचा फॉरमॅट कस्टममध्ये जाऊन असा करा:

```
[h]:mm
```

दुसरा घोळ दशांशाचा. काही विमानांच्या हॉब्स मीटरवर तास दशांशात येतात, १.५ म्हणजे दीड तास, म्हणजे १:३०. पण आपण लॉगबुकात तास-मिनिटं लिहितो, आणि मग कोणीतरी १:३० ला १.३ लिहून टाकतं, आणि १.३ म्हणजे तर १ तास १८ मिनिटं झाली. दोनशे तासांत असं तीसचाळीस वेळा झालं तर तुम्हीच विचार करा. २०५:४० हे दशांशात २०५.६७ होतं, २०५.४ नाही. रेझ्युमेत एकच पद्धत ठेवा, तास-मिनिटंवाली ठेवा, आणि एखाद्या फॉर्मने दशांश मागितलाच तर मिनिटांना ६० ने भागून टाका.

दुसरी स्टेप: तीन बेरजा एकाच आकड्यावर यायला पाहिजेत

हा या सगळ्याचा गाभा आहे, बाकी काही नाही केलं तरी एवढं करा.

तुमचे टोटल तास तीन वेगवेगळ्या पद्धतीने तुकडे करून मोजता येतात. एक, विमानाप्रमाणे. दोन, ड्युअल आणि पीआयसी. तीन, डे आणि नाइट. प्रत्येक वेळी तुकड्यांची बेरीज तीच आली पाहिजे, मिनिटापर्यंत. त्या पोराचा तक्ता आम्ही असा बसवला:

| विमान | ड्युअल | पीआयसी | टोटल |
|---|---|---|---|
| सेसना १५२ | ३८:२० | ६२:१० | १००:३० |
| सेसना १७२ | २७:१५ | ५७:२५ | ८४:४० |
| टेकनॅम पी२००६टी (मल्टी) | १८:१० | २:२० | २०:३० |
| एकूण | ८३:४५ | १२१:५५ | २०५:४० |

आडवी बेरीज करा, उभी करा, कोपऱ्यात २०५:४० च येतं. मग डे १९४:५०, नाइट १०:५०, हे पण २०५:४०. सिंगल इंजिन १८५:१० आणि मल्टी २०:३०, परत तेच.

आता जे या बेरजेत येत नाही ते. क्रॉसकंट्री आणि इन्स्ट्रुमेंट हे वेगळे तास नाहीत, ते याच २०५ तासांच्या आतले आहेत. तुम्ही हूड लावून तासभर उडालात तर तो तास ड्युअलमध्ये मोजून झालेला असतो, इन्स्ट्रुमेंटच्या कॉलममध्ये तो फक्त परत दाखवायचा. म्हणून या ओळी तक्त्याच्या खाली, वेगळ्या लिहा, "वरीलपैकी" असं स्पष्ट लिहून: क्रॉसकंट्री पीआयसी ५२:३०, इन्स्ट्रुमेंट विमानावर २२:१५, नाइट पीआयसी ५:२०. वाचणाऱ्याला हे तीन आकडे लगेच बघायचे असतात, कारण सीपीएल आणि आयआरसाठी डीजीसीएच्या अटीच तशा आहेत, १०० तास पीआयसी, आयआरला ५० तास क्रॉसकंट्री पीआयसी, ४० तास इन्स्ट्रुमेंट ज्यातले जास्तीत जास्त २० सिम्युलेटरवर चालतात. तुमचे आकडे या अटींच्या खाली दिसले तर लायसन्स मिळालं कसं असा प्रश्न येतो. आणि बरेचदा उत्तर एवढंच असतं की टायपिंगमध्ये चूक झालीये.

सिम्युलेटर एकदम बाहेर. स्वतंत्र ओळ, "सिम्युलेटर २०:००", पुढे डिव्हाइस कोणतं ते, आणि खाली टोटलमध्ये समाविष्ट नाही असं लिहून टाका. त्या पोराचे वीस तास इथे गेले आणि २२५ चे २०५ झाले तेव्हा त्याचा चेहरा पडला, "दादा २२५ बरं दिसत होतं." दिसतं रे, पण दोनशे आणि सव्वादोनशेमध्ये एअरलाइनला काडीचा फरक पडत नाही, दोन्ही फ्रेशर, फरक पडतो तो आकडा लॉगबुकशी जुळतो की नाही याचा.

याला एक इतिहासही आहे. २०११ च्या सुरुवातीला गोव्यात एका प्रवासी विमानाचं लँडिंग नाकाच्या चाकावर झालं, चौकशीत पायलटच्या एटीपीएलच्या मार्कशीटच बनावट निघाल्या. मग डीजीसीएने देशभरातली लायसन्स तपासायला घेतली आणि त्यात काही ठिकाणी न उडवलेले तास लॉगबुकात भरलेले पण सापडले. आपल्याकडे जुने लोक त्याला पार्कर पेनचे तास म्हणतात. तेव्हापासून कुठल्याही फ्रेशरचे गोल गोल आकडे दिसले, बरोबर २००:००, पीआयसी बरोबर १००:००, की इंटरव्ह्यू घेणारा आधी लॉगबुक मागतो. तुमचे खरंच गोल आले असतील तर असू द्या, पण विचारतील हे धरून चला.

तिसरी स्टेप: लायसन्स आणि रेटिंग, प्रत्येकापुढे तारीख

फ्रेशर काय करतात, "सीपीएल विथ मल्टी अँड आयआर" अशी एक ओळ टाकतात आणि मोकळे होतात. पण या एका ओळीत चारपाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकाची मुदत वेगळी संपते.

सीपीएल आता दहा वर्षांसाठी असतं, आधी पाच होतं, २०२३ मध्ये नियम बदलला. पण म्हणून तुम्ही दहा वर्षं उडायला मोकळे असं होत नाही. आयआरचा चेक बारा महिने चालतो. क्लास वन मेडिकल चाळिशीच्या आत बारा महिने. म्हणजे रेझ्युमे बघणाऱ्याचा प्रश्न "लायसन्स आहे का" हा नसतोच, तो गृहीतच आहे, प्रश्न असा असतो की मी याला पुढच्या महिन्यात बोलावलं तर याचं सगळं जिवंत असेल का.

म्हणून असं लिहा. सीपीएल, मिळाल्याची तारीख २ मे २०२५. आयआर, शेवटचा चेक १० फेब्रुवारी २०२५ ला, टेकनॅम पी२००६टी वर, वैध ९ फेब्रुवारी २०२६ पर्यंत. चेक कोणत्या विमानावर झाला ते लिहाच, कारण तो मल्टीवर झालाय की सिंगलवर हे बघतात. क्लास वन मेडिकल वैध १७ नोव्हेंबर २०२५ पर्यंत. इंग्लिश प्रोफिशिअन्सी लेव्हल आणि तिची मुदत, लेव्हल सहा असेल तर मुदत नसते, चार किंवा पाच असेल तर तारीख लागते. रेडिओ टेलिफोनीचं लायसन्स. बस.

रेडिओबद्दल एक छोटी गोष्ट, जुन्या बॅचेसची आरटीआर परीक्षा दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसीकडे होती, नव्या वायुयान कायद्याने २०२५ पासून ते काम डीजीसीएकडे आलं. तर सिनिअरच्या रेझ्युमेवरून ही ओळ जशीच्या तशी ढापू नका, तुमचं सर्टिफिकेट कोणी दिलंय ते बघून लिहा.

विमानांच्या रेटिंगची नावं लायसन्सवर जशी आहेत तशीच उतरवा. लायसन्स आता ईपीएल म्हणून मोबाइलवर पण दिसतं, फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झालंय, तर समोर ठेवून अक्षर अक्षर बघून टाका.

आणि आता सगळ्यात जास्त दिसणारी गडबड. इंटरव्ह्यूच्या तयारीसाठी कोणीतरी ए३२० च्या सिम्युलेटरवर आठ तास घेतलेले असतात किंवा जेट ओरिएंटेशन कोर्स केलेला असतो, आणि मग "विमानं उडवली" या यादीत सेसनाच्या शेजारी दिमाखात ए३२०. अरे बाबा, ते विमान नाही उडवलं तू, ते रेटिंग पण नाही. कोर्स म्हणून खाली लिही, कोर्सचं नाव, तास, महिना. टाइप रेटिंग खरंच केलं असेल तर ती वेगळी आणि मोठी गोष्ट आहे, ती वर रेटिंगमध्येच येते, लायसन्सवर एंडॉर्स झाल्याची तारीख, सिम्युलेटरचे तास वेगळे, बेस ट्रेनिंगला विमानावर जी लँडिंग झाली ती वेगळी, आणि शेवटचा सिम्युलेटर चेक कधी झाला ती तारीख. टाइप रेटिंग होऊन वर्ष दीड वर्ष घरी बसलेले खूप आहेत, त्यांनी ती शेवटची तारीख लपवली की उलट शंका येते.

चौथी स्टेप: रिसेंट फ्लाइंग, जिथे फ्रेशरचं दुखतं

आपल्याकडे गोष्ट अशी होते की शेवटची टेस्ट फेब्रुवारीत होते, कागदपत्रं, ईजीसीए, त्रुटी, परत कागदपत्रं, असं करत लायसन्स हातात येतं मे मध्ये, मग व्हेकन्सीची वाट बघण्यात सप्टेंबर उजाडतो. आणि रेझ्युमेत एक कॉलम असतो, मागच्या सहा महिन्यांतले तास. उत्तर शून्य.

बरेच जण मग ती ओळच गाळतात. माझं मत, गाळू नका. ओळ नसली की वाचणारा सगळ्यात वाईट गोष्ट धरून चालतो, आणि फॉर्ममध्ये तर ती विचारलेलीच असते.

चार गोष्टी द्या: शेवटच्या उड्डाणाची तारीख आणि विमान, मागचे ९० दिवस, मागचे सहा महिने, मागचे बारा महिने. आणि वर लिहा की हे आकडे कोणत्या तारखेपर्यंतचे आहेत. ही तारीख नसेल तर "मागचे बारा महिने" या शब्दांना अर्थच राहत नाही. मी एक रेझ्युमे असा बघितलाय ज्यात मागच्या बारा महिन्यांत १६० तास होते आणि शेवटचं उड्डाण दोन वर्षांपूर्वीचं. फाइल जुनीच फिरत होती, बिचाऱ्याच्या लक्षातही नव्हतं.

एक्सेलमध्ये हे आपोआप करता येतं. समजा तारीख ए कॉलमला, टोटल एच कॉलमला आणि ज्या तारखेपर्यंत मोजायचंय ती `K1` मध्ये:

```
=SUMIFS(H:H,A:A,">"&EDATE(K1,-12),A:A,"<="&K1)
```

सहा महिन्यांसाठी `-12` च्या जागी `-6`. नव्वद दिवसांसाठी `EDATE(K1,-12)` काढून तिथे `K1-90`. निकालाच्या सेललाही तोच वरचा फॉरमॅट द्या नाहीतर परत १३:४० सारखं काहीतरी दिसेल.

त्या पोराचं २० सप्टेंबर २०२५ ला असं होतं: शेवटचं उड्डाण १४ फेब्रुवारी, ९० दिवस शून्य, सहा महिने शून्य, बारा महिने ८८:१५. मी त्याला म्हटलं परवडत असेल तर स्कूलमध्ये जाऊन दोनतीन सॉर्टी मार. प्रवासी घेऊन उडायला ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग हा सगळीकडचा किमान हिशोब आहे, आणि एवढा गॅप असला की स्कूल तसंही आधी इन्स्ट्रक्टर बसवूनच सोडतं. त्याने २२ आणि २३ तारखेला सेसना १७२ वर ३:२० तास केले, त्यात इन्स्ट्रक्टरबरोबर १:१० आणि एकट्याने २:१०, सगळं दिवसा, लोकल, एकूण सहा लँडिंग.

परवडत नसेल तर नका करू, कर्ज काढून तर मुळीच नका करू. खरा शून्य लिहा आणि पुढे एक ओळ, आयआर आणि मेडिकल वैध आहेत. ज्यांना फ्रेशर घ्यायचे आहेत त्यांना हा गॅप नवा नाही, त्यांच्याकडे दर बॅचला असेच येतात. इन्स्ट्रक्टरच्या जागेसाठी मात्र शून्य खरंच नडतं, तिथे लगेच विमानात बसवायचं असतं.

पाचवी स्टेप: एक आकडा बदलला की सगळे बदलतात

आता गंमत बघा. त्या ३:२० तासांनी रेझ्युमेत किती जागा बदलल्या.

सेसना १७२ चं ड्युअल २७:१५ चं २८:२५ झालं, पीआयसी ५७:२५ चं ५९:३५, टोटल ८८:००. एकूण ड्युअल ८४:५५, एकूण पीआयसी १२४:०५, दोन्ही मिळून २०९:००. डे १९८:१०, नाइट तेच १०:५०, परत २०९:००. सिंगल इंजिन १८८:३०, मल्टी २०:३०, परत २०९:००. क्रॉसकंट्री आणि इन्स्ट्रुमेंट जिथल्या तिथे कारण लोकल उडाला होता आणि हूड लावलं नव्हतं. वरची बोल्ड ओळ २०५:४० ची २०९:००. पठ्ठ्याने पहिल्यांदा फक्त बोल्ड ओळ बदलली होती.

(आणि हो, २०९:०० हा पण गोलच आकडा आला. आला तर आला, खाली हिशोब दिसतोय.)

रिसेंटमध्ये ९० दिवस ३:२०, लँडिंग सहा, सहा महिने ३:२०. बारा महिन्यांचं काय? त्याने ८८:१५ मध्ये ३:२० मिळवून ९१:३५ लिहिलं. चूक. अर्ज जाणार ३० सप्टेंबरला, तर बारा महिने मोजायचे १ ऑक्टोबर २०२४ पासून, आणि मागच्या वर्षी २१ ते ३० सप्टेंबरमध्ये उडवलेले ४:३० तास आता खिडकीच्या बाहेर गेले. खरा आकडा ८७:०५. म्हणजे उडून आल्यावर आकडा कमी झाला, त्याला ते पटेचना, शेवटी एक्सेलने पटवलं. म्हणूनच सांगतो की हा आकडा हाताने काढू नका, प्रत्येक वेळी पाठवायच्या दिवशी `K1` बदला आणि नवीन आकडे उतरवा.

मेडिकलला तेव्हा दीडच महिना उरला होता, तर रिन्यूअलची अपॉइंटमेंट घ्यायला लावली आणि रेझ्युमेत जुनीच मुदत ठेवली. "रिन्यूअल सुरू आहे" वगैरे लिहायची गरज नाही, नवीन कागद आला की तारीख बदला.

बाहेरून शिकून आलेल्यांसाठी

अमेरिकेत ट्रेनिंग केलेल्यांचं लॉगबुक आपल्या पद्धतीने जोडलं की हमखास फुटतं, आणि त्यात त्यांची चूक नसते. तिकडच्या नियमात पीपीएल झाल्यावर तुम्ही इन्स्ट्रक्टरबरोबर उडत असाल पण कंट्रोल तुमच्या हातात असतील तर तोच तास ड्युअलमध्येही लिहिता येतो आणि पीआयसीमध्येही. तिकडे हे एकदम कायदेशीर आहे. पण इकडे ड्युअल म्हणजे ड्युअल.

उदाहरण घ्या. टोटल २५०, लॉगबुकात पीआयसी १९०, ड्युअल ११०. बेरीज ३००. म्हणजे ५० तास दोन्हीकडे मोजलेत. भारतात रेझ्युमे देताना ते ५० पीआयसीमधून काढा, राहिले १४०, ड्युअल ११०, बेरीज २५०, जुळलं. हे अंदाजाने काढायचं नाही, एंट्री एंट्री बघून ज्या सॉर्टीवर इन्स्ट्रक्टरची सही आहे ती ड्युअलमध्ये टाकायची. आणि तक्त्याच्या खाली एक ओळ लिहा की इन्स्ट्रक्टरबरोबरचे तास पीआयसीमध्ये धरलेले नाहीत. ही एक ओळ वाचली की समोरच्याला कळतं की या माणसाला विषय समजलाय. मूळ लॉगबुकाला मात्र हात लावू नका, त्यात खाडाखोड करायची नाही, बदल फक्त रेझ्युमेच्या एक्सेलमध्ये.

लायसन्सच्या भागात दोन्ही लिहा, आधी भारतीय, मग परदेशी, दोघांच्या तारखांसकट. आणि इथे आल्यावर कन्व्हर्जनसाठी जे चेक दिले ते कोणत्या विमानावर, कधी, ते पण. बऱ्याच जणांचं भारतातलं फ्लाइंग तेवढंच असतं, त्यामुळे रिसेंटमध्ये तेच कामाला येतं.

शेवटची स्टेप: पान मांडायचं आणि पाठवायचं

एक पान. दोनशे तासांच्या माणसाचं दुसरं पान भरायला काहीच नसतं, भरलं तर त्यात "हार्डवर्किंग" आणि क्रिकेट येतं. सगळ्यात वर नाव, फोन, मेल, राहण्याचं शहर. त्याखाली एकच ओळ, जी मोबाइलवर न स्क्रोल करता दिसली पाहिजे: सीपीएल, मल्टी, आयआर, टोटल २०९:००, पीआयसी १२४:०५, मल्टी २०:३०, शेवटचं उड्डाण २३ सप्टेंबर २०२५. मग लायसन्स आणि मुदती, मग तासांचा तक्ता, मग रिसेंट, मग ट्रेनिंग कुठे केलं आणि कोर्सेस, आणि तळाला शिक्षण. बारावीच्या फिजिक्स-मॅथ्सचे मार्क द्या कारण काही फॉर्म मागतात, दहावीचं कौतुक नको.

पासपोर्ट नंबर, आधार, जन्मतारखेसकट लायसन्सचा फोटो, हे रेझ्युमेत टाकू नका. ही पीडीएफ व्हॉट्सॅपवर दहा ग्रुपांत फिरते, कोणाकोणाकडे जाते देव जाणे. ते सगळं एअरलाइनच्या फॉर्ममध्ये किंवा समोर बसल्यावर.

एखादी घटना झाली असेल, हार्ड लँडिंग, टॅक्सी करताना पंख घासला, काहीही ज्याचा रिपोर्ट झालाय, तर रेझ्युमेत लिहायची गरज नसते पण फॉर्ममध्ये प्रश्न असेल तर खरं उत्तर द्या. डीजीसीएकडे रेकॉर्ड असतं.

फाइलच्या नावात महिना टाका, म्हणजे जुनी फाइल चुकून जाणार नाही:

```
Surname_CPL_MEIR_209hrs_Sep2025.pdf
```

पाठवायच्या आधी एका मित्राला द्या आणि सांगा की फक्त बेरजा कर, बाकी काही वाचू नको. नॉन-पायलट असला तर अजून चांगलं, त्या पोराची ताई बँकेत आहे, तिने सात मिनिटांत सांगितलं की नाइटचं पीआयसी वर ५:२० आहे आणि खाली ५:०२.

बोलावणं आलं की लॉगबुकात तीन चिकटपट्ट्या लावून ठेवा: ज्या पानावर शेवटची टोटल आणि सीएफआयची सही आहे ते, आयआर चेकची एंट्री, आणि शेवटचं उड्डाण. समोरचा रेझ्युमे हातात धरून पहिल्यांदा हीच तीन पानं शोधतो, आणि तुम्ही पानं उलटत बसलात की त्याला मधलीच कुठलीतरी सॉर्टी दिसते आणि मग "हे उड्डाण कुठलं, त्या दिवशी वारा किती होता" सुरू होतं. मला विचारलं होतं. मला आठवत नव्हतं.